वादी म्हणजे त्यांची पत्नी

माझं मराठी घरातलं होतं. जेवायला वाढताना, भांडताना, आईशी बोलताना ते पुरत होतं. शाळा कॉन्व्हेंटची, कॉलेज इंग्रजीत, कायद्याची पुस्तकंही इंग्रजीत. त्यामुळे एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात उमेदवारीला लागले तेव्हा तिथलं मराठी मला परक्या गावासारखं वाटलं. 'सबब', 'ज्याअर्थी', 'तदनुषंगिक', 'उपरोक्त'. पहिल्या आठवड्यात मी एका वहीच्या मागच्या पानावर हे शब्द उतरवून घेतले. अर्थ कुणाला विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून समोरची जागा कोरीच राहिली.

ती वही मुन्शीजींच्या हाती लागली. मुन्शीजी म्हणजे आमच्या सरांचे कारकून. दाव्यांचे कागद तयार करणं, कोर्टात तारखा बघणं, पक्षकारांना चहा पाजणं, सगळं तेच करत. वही वाचून ते खूप हसले.

"ताई, हे तर मले बी नाही समजत," ते म्हणाले. "तीस वर्षं झाले लिवून राहिलो. कोनं इचारलंच नाही तर सांगाव कायले?"

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी वही हातात घेतली, पान उलटलं आणि म्हणाले, "हे ज्याला समजत नाही, त्यानेच सोपं करायला पाहिजे. आम्हाला आता यातलं अवघड काय ते दिसत नाही."

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटीचं. कोर्टाचं कामकाज मराठीत आणा, असं वरून सारखं सांगणं येत होतं, आणि मराठी म्हणून जे येत होतं ते इंग्रजीपेक्षा कठीण होतं. आमच्या दिवाणी न्यायाधीशांना याचा कंटाळा आला होता. गावात चिकटवायच्या जाहीर नोटिशी लोकांना कळतील अशा लिहून आणा, मी तपासून सही करीन, असं त्यांनी वकिलांना सांगितलं होतं. बहुतेकांनी मान हलवून जुनाच मसुदा पुढे सरकवला. आमच्या सरांनी ते मनावर घेतलं, आणि पहिली नोटीस माझ्याकडे आली.

ती नोटीस ज्या दाव्यातली होती, त्या मायलेकी मी आधी पाहिल्या होत्या. उमरेडच्या वाटेवरच्या एका गावात राहणाऱ्या, विणकर. आई पन्नाशीच्या आतबाहेर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं फार कमी. मुलगी माझ्याच वयाची, पण तिच्यापुढे मी लहान वाटत असे. बाकावर बसली की ती बोटांच्या टोकांवरच्या भेगा दुसऱ्या हाताने चाचपत राही.

बाप नऊ वर्षांपूर्वी घरातून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. गांधीबागेच्या कापडबाजारात लुगडी पोचवायला म्हणून निघाला, लुगडी पोचली, तो परतला नाही. पोलिसात कळवून झालं होतं, नातेवाइकांकडे शोधून झालं होतं. माग मागे राहिला आणि विणकर सोसायटीतलं त्याचं सभासदत्व. सूत त्या सभासदाच्या नावावर मिळायचं. इतकी वर्षं सोसायटीने डोळेझाक केली, मुलगी बापाच्या नावावर सूत उचलून विणत राहिली. मग नवे सचिव आले. सभासद स्वतः येऊन सही करो, नाहीतर तो वारल्याचा कागद आणा आणि वारसाचं नाव लावून घ्या, असं ते म्हणाले. मधला रस्ता नाही. सूत बंद झालं तर माग बंद, आणि त्या घरात दुसरं काही येत नव्हतं.

कायद्यात यासाठी वाट आहे. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, आणि जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर लागली असती अशा माणसांनाही ती नाही, तो माणूस वारला असं कोर्ट धरू शकतं. म्हणून दावा. वादी क्रमांक एक आई, वादी क्रमांक दोन मुलगी. दाव्यावर आईचा अंगठा घेतला तेव्हा मी तिथेच होते. मुन्शीजींनी दावा वाचून दाखवला, जसा लिहिला होता तसाच, एका दमात. खाली 'वाचून दाखवला, समजला, कबूल' असं छापील वाक्य होतं. आईने विचारलं, "पोरीचं नाव लागन ना सोसायटीत?"

"लागन ना आई. त्याच्यासाठीच तर हे करून राहिलो," मुन्शीजी म्हणाले.

तिने अंगठा लावला आणि शाई पदराला लागू नये म्हणून हात दूर धरून बसली.

नोटिशीचा जुना मसुदा मला आजही तोंडपाठ आहे. 'ज्याअर्थी वादी क्रमांक एक व दोन यांनी असे प्रतिपादन केले आहे की, सदर इसम सात वर्षांहून अधिक काळ परागंदा असून, त्याच्या हयातीबाबत ज्या व्यक्तींस स्वाभाविकतः ज्ञान असावे अशा व्यक्तींस ते नाही, सबब तो मृत असल्याचे गृहीत धरून तदनुषंगिक घोषणा व्हावी, त्याअर्थी तमाम हितसंबंधितांस सूचित करण्यात येते की...' एवढं सगळं एकाच वाक्यात. पूर्णविराम पार शेवटी.

मी तीन दिवस त्यावर बसले. इतकं मनापासून मी कुठलंच काम त्याआधी केलं नव्हतं. आधी वाक्य तोडलं. मग एकेक शब्द. 'हितसंबंधित' म्हणजे ज्यांचा यात हक्क किंवा संबंध आहे असे सगळे. 'परागंदा' म्हणजे घर सोडून गेलेला, कुठे आहे ते माहीत नसलेला. 'आक्षेप' काढून 'हरकत' घातली, कारण मुन्शीजी म्हणाले, "हरकत सगळ्याइले समजते. शेताच्या धुऱ्याबांधापासून लग्नापर्यंत हरकतच रायते गावात." 'एकतर्फी निर्णय' इथे मी अडले. 'त्याचं म्हणणं न ऐकता निकाल दिला जाईल,' असं लिहिलं. सरांनी त्याच्यापुढे बरोबरची बारीक खूण केली.

मसुदा झाला की आधी मुन्शीजींना ऐकवायचा, असा सरांचा नियम होता. मुन्शीजींनी एक जरी प्रश्न विचारला तर परत लिहायचं. मग जुना कागद शेजारी ठेवून अर्थ ताडायचा. त्यात होतं ते सुटलं नाही ना, नव्हतं ते आत आलं नाही ना. सर म्हणायचे, सोपं करता करता कायदा बदलला तर ती नोटीस नव्हे, आपलं पत्र झालं.

'मृत'च्या जागी आलेल्या शब्दावर मुन्शीजी थांबले. मी 'मेला' लिहिलं होतं. मला वाटलं होतं, सगळ्यात सोपा तोच.

"अहो ताई, कुत्रं मेलं म्हनते मानूस. कोनाचा बाप आहे तो. वारले लिवा."

मी खूप शरमले. 'वारले' केलं.

एक गोष्ट मात्र कुणी न सुचवता मी केली. 'वादी क्रमांक एक व दोन' हे शब्द मला खटकत होते. गावात वादी कोण, प्रतिवादी कोण, कुणाला कळणार? मी लिहिलं, 'त्यांची पत्नी व मुलगी.' सर म्हणाले, "इथे 'वादी' राहिलं तरी चालेल. खाली नावं आहेतच."

"पण सर, अवघड शब्द आहे," मी म्हणाले. ऑफिसात मी आपणहून दिलेलं ते पहिलं उत्तर असावं. सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अर्थ तोच होता. न्यायाधीशांनीही ताडून पाहिला आणि सही केली.

शेवटी नोटीस अशी झाली: 'या गावचे अमुक नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेले. ते कुठे आहेत ते माहीत नाही. ते जिवंत असते तर ज्यांना कळलं असतं, त्या त्यांच्या माणसांनाही त्यांची काही खबर नाही. म्हणून ते वारले असं कोर्टाने धरावं, अशी मागणी त्यांची पत्नी व मुलगी यांनी केली आहे. कोणाला त्यांची खबर असेल, किंवा ही मागणी मान्य नसेल, हरकत असेल, तर त्याने खाली दिलेल्या तारखेला स्वतः किंवा वकिलामार्फत कोर्टात येऊन सांगावं. कोणी आलं नाही तर त्याचं म्हणणं न ऐकता निकाल दिला जाईल.'

त्या रात्री मी ती घरी माझ्या आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, छान आहे गं, कळतं.

नोटीस लावायला कोर्टाचा बेलिफ जायचा होता. सरांनी मला आणि मुन्शीजींना त्याच्यासोबत पाठवलं. लोकांना समजतं का ते स्वतः ऐकून या, म्हणाले. एसटीतून उतरल्यावर गावात शिरायच्या आधीच मागांचा आवाज आला. खट्-खट्, खट्-खट्, घराघरातून, एकमेकांत न मिळणारा. बेलिफ म्हणाला, या गावात गप्पा मारायच्या तर ओरडूनच माराव्या लागतात.

कोतवालाने डफडं वाजवत गल्ली फिरून घेतली. मग चावडीपुढे उभं राहून नोटीस वाचली. सातवी-आठवी शिकलेला माणूस, पण एकदाही अडखळला नाही. एरवीची नोटीस हा गुणगुणून संपवतो, असं मुन्शीजी कानात म्हणाले. चावडीपुढे पंधरावीस माणसं होती. मी त्यांचे चेहरे बघत होते. प्रत्येक वाक्याला कुणी ना कुणी मान हलवत होतं. मला फार आनंद झाला, हे मला लपवता येणार नाही.

'म्हणून ते वारले,' हे वाचलं तेव्हा एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यापुढचं 'असं कोर्टाने धरावं' त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे.

बेलिफाने कागद चावडीच्या भिंतीला चिकटवला, दुसरी प्रत मायलेकींच्या दारावर लावायची होती. आम्ही त्यांच्या गल्लीकडे वळलो. अर्ध्या वाटेत मुन्शीजी थांबले.

"ऐकून राहिल्या का ताई?"

मला काही ऐकू येत नव्हतं. मग लक्षात आलं की तेच ते म्हणत होते. कोपऱ्यावरचा माग थांबला होता. त्याच्या पुढचाही थांबला. आम्ही चालत होतो तसतसे पुढचे माग एकेक करून बंद होत होते, कारण चावडीवरून निघालेली पोरं आणि माणसं आमच्या पुढे धावली होती. गल्लीत कुणी वारलं की त्या दिवशी गल्लीतला माग चालत नाही. हे मला मुन्शीजींनी तिथेच, चालता चालता सांगितलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, कारण आता मोठ्याने बोलायची गरज उरली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा त्या घराचा माग मात्र सुरू होता. मुलगी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होती आणि आई दाराशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिचा हात थांबला. ती मान वर करून ऐकू लागली, जसं आपण दूरची हाक ऐकतो तसं.

"कोन गेलं वं?" तिने समोरच्या दारातल्या बाईला विचारलं.

समोरच्या बाईने मान फिरवली. पदर तोंडाला लावून आत गेली.

मग तिची जाऊ आली. मागे आणखी चारपाच बायका, एकीच्या हातात झाकलेलं ताट, एकीच्या हातात पाण्याचा तांब्या. जाऊ रडतच येत होती.

"सांगाव तरी होतं वं बाई. चावडीवर डफडं वाजोलं तेवा समजलं आमाले. भाऊजी वारले म्हनून तूच कोर्टात सांगतलं म्हनते, मंग घरच्याइले काहून नाही सांगतलं?"

"मी?" आई म्हणाली.

"कागदावरच लिवून आहे. त्याच्या बायकोनं अन् पोरीनं मागनी केली म्हनून."

जावेने तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि तिच्या कपाळाकडे हात नेला. आई मागे सरकली. चरखा कलंडला, कांड्या घरंगळत उंबऱ्याबाहेर आल्या.

"हात लावू नको वं! हात लावू नको!"

माग थांबला. मुलगी खड्ड्यातून वर आली आणि आईच्या पुढे उभी राहिली. "मोठ्या आई, अजून काही झालं नाही. कोर्टानं काही सांगतलं नाही अजून. तारीख हाय," ती म्हणाली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. जावेचा भिजलेला पदर तसाच हातात राहिला. मुन्शीजी पुढे झाले, नोटीस पुन्हा वाचून दाखवू लागले, 'धरावं' वर जोर देऊन, दोनदा, तीनदा. बायका ऐकत होत्या. पण माग थांबवलेले पुन्हा सुरू कसे करायचे, हे कुणालाच कळेना. थोड्या वेळाने त्या गेल्या, ताट तिथेच ठेवून.

आईने माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ मी भिंतीशी उभी होते.

"पोरी, हे तुमी लिवलं का?"

मी हो म्हणाले.

"मले पयले वाचून दाखोलं होतं, त्यात असं नव्हतं."

तेच होतं. शब्द वेगळे होते, अर्थ तोच होता. मुन्शीजी बोलले, "तेच होतं आई. तवा ते कोर्टाच्या भाषेत होतं."

तिने कलंडलेला चरखा सरळ केला. मग म्हणाली, "म्या नाव लागासाठी अंगठा देल्ता."

तारखेच्या आठदहा दिवस आधी ती एकटीच ऑफिसात आली. आमचं ऑफिस सीताबर्डीला, कापडाच्या दुकानावर, अरुंद जिन्याचं. जिना चढून ती धापा टाकत बसली. कुंकू तसंच होतं. तिने पिशवीतून दारावरची नोटीस काढली. ती तिने अलगद सोडवून आणली होती, कोपऱ्यांना खळीचे डाग होते. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं वाक्य कुठे आहे ते तिला बरोबर माहीत होतं. कुणाकडून तरी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं असणार. तिने सरांपुढे कागद ठेवला आणि बोट टेकवलं.

"इथं लिवलं हाय का ज्याले मान्य नाही त्यानं येऊन सांगाव. मले मान्य नाही."

सरांनी चष्मा काढला. "पण आई, दावा तुमचाच आहे."

"माझं नाव काढून टाका."

सरांनी तिला समजावलं. नाव काढता येईल, पण मुलीची संमती लागेल, आणि नाव काढलं तरी साक्ष द्यावीच लागेल. नवऱ्याची खबर आहे की नाही, हे बायकोला विचारल्याशिवाय कोणतंही कोर्ट पुढे जाणार नाही. त्या दिवशी सर माझ्या नोटिशीसारखेच बोलत होते, छोट्या छोट्या वाक्यांत.

तिने बोट दुसऱ्या ओळीवर सरकवलं. "अन् म्या म्हनलं का खबर हाय, तं?"

सरांनी चष्मा पुन्हा लावला. सर म्हणाले, "तर दावा तिथेच संपतो. मुलीचं नाव लागत नाही. पण आई, ते शपथेवर सांगावं लागेल. आहे का खबर?"

तिने कागद स्वतःकडे ओढला. कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मला वाटतं, जुन्या मसुद्यातलं ते 'स्वाभाविकतः ज्ञान' तसंच राहिलं असतं तर तिला कधीच कळलं नसतं की सगळं तिच्या एका शब्दावर येऊन थांबलंय. कोर्टात विचारलं असतं, तिने सवयीने नाही म्हटलं असतं आणि घरी गेली असती. आता तिला माहीत होतं. तिला माहीत करून देणारी मी होते.

मी तिला खाली बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण माझ्या मराठीत तेव्हा तसलं काही नव्हतं. तीच बोलली.

"घरचं सूत सरलं. पोरगी पंधरा दिवसांपासून दुसऱ्याच्या मागावर विनून राहिली. लोकाच्या खड्ड्यात बसते." बस आली तशी ती चढली.

तारखेला कोर्टात गर्दी नव्हती. हरकत घ्यायला गावातून कुणी आलं नाही. पुकारा झाला. आधी मुलीची साक्ष झाली, मग पोलिसात कळवल्याचा कागद, मग गावातल्या एका म्हाताऱ्याची साक्ष. टोपी काढणारा तोच तो. शेवटी आई पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेताना तिचा आवाज स्पष्ट आला.

सरांनी सोपे प्रश्न विचारले. नवरा कधी गेला, कुठे जातो म्हणाला. नंतर चिठ्ठी, निरोप, कोणी भेटल्याचं कोणी सांगितलं, असं काही आहे का.

ती मुलीकडे पाहत नव्हती. माझ्याकडेही नाही. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती. मी माझ्या हातातल्या फाइलची दोरी बोटाला गुंडाळत होते आणि बोट निळं पडलं तरी थांबले नाही. त्या क्षणी तिने 'खबर आहे' असं खोटं बोलावं, असं मला वाटलं. वकिलीच्या कामात असं वाटणं चूक आहे, पण वाटलं. लगेच मुलीची बोटं दिसली आणि तेही नकोसं झालं.

न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "बाई, प्रश्न समजला का? तुमच्या नवऱ्याची तुम्हाला काही खबर आहे का?"

"समजला साहेब," ती म्हणाली. "चांगला समजला."

"मग?"

"नाही. खबर नाही."

लिहून घेणाऱ्याने ते लिहून घेतलं. साक्ष वाचून दाखवली, तिने अंगठा लावला. या वेळी छापील वाक्य खरं होतं.

निकाल काही आठवड्यांनी लागला. मायलेकी नक्कल घ्यायला आल्या तेव्हा मुन्शीजी बाहेर होते, म्हणून मीच ती त्यांच्या हातात दिली. मुलीने कागद कपाळाला लावला की नुसता घाम पुसला, मला कळलं नाही. ती म्हणाली, "आजच सोसायटीत नेतो." आनंद तिच्या आवाजात होता, तो ती आईपासून लपवत होती.

आईच्या कपाळावर काही नव्हतं. तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्याहून उजळ दिसत होती.

"पोरी, मले वाचून दाखव," ती म्हणाली. "तुह्या भाषेत."

निकाल जुन्या भाषेतच होता. मी तो तिला वाक्यावाक्याने सोपा करून सांगितला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "कोन्या दिवशी गेले म्हनून लिवलं हाय?"

मी परत पाहिलं. पहिल्या पानापासून. मला माहीत होतं की ते नाही. कायदा माणूस वारला असं धरतो, तो कधी वारला ते धरत नाही. ते सिद्ध करावं लागतं, आणि आम्हाला ते कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आम्ही मागितलंही नव्हतं. तरी मी सगळी पानं पाहिली, कारण तिला तिथीसाठी हवं होतं. दर वर्षी कोणत्या दिवशी पान वाढायचं, एवढंच तिला विचारायचं होतं.

"दिवस लिहिलेला नाही," मी म्हणाले. याहून सोपं करता येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"घरून गेले तो दिवस धर ना आई," मुलगी म्हणाली.

"त्या दिवशी तं जेवून गेले होते," आई म्हणाली. "चांगले होते."

ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली. मग तिने मला विचारलं, कोर्टात तिची साक्ष झाली ती तिथी कोणती होती. मी भिंतीवरचं पंचांग काढून मागची पानं उलटली. मला पंचांग नीट वाचता येत नव्हतं. तारखेवर बोट ठेवून शेजारचे बारीक शब्द लावत लावत मी तिला ती तिथी सांगितली, आणि ती विसरू नये म्हणून मुलीने नकलेच्या मागे पेन्सिलने लिहून घेतली.